तगादा, पण गोडीत

तगादा हा शब्द आमच्या घरात नेहमीचा. बालाघाटच्या बाजारात हिंदीत त्यालाच 'तकाजा' म्हणतात. दोन्ही एकाच अरबी शब्दाची लेकरं. माझ्या बाबांनी वर्षानुवर्षं इथल्या एका राईस मिलचे हिशेब सांभाळले. गोंदिया, नागपूर, रायपूरच्या व्यापाऱ्यांकडे अडकलेले पैसे ते पत्रं लिहून सोडवून आणत, आणि गिऱ्हाईकही तुटू देत नसत. मला हे कसब लागेल असं इंजिनिअरिंग करताना वाटलं नव्हतं.

आता मी आणि माझे दोन सहकारी बालाघाटहून एका अमेरिकन कंपनीसाठी सॉफ्टवेअरचं काम करतो. बिल डॉलरमध्ये, मुदत बिलाच्या तारखेपासून ३० दिवस. १४ ऑक्टोबर २०२५ ला आमची तीन बिलं त्यांच्याकडे होती. ५ ऑगस्टचं १८०० डॉलरचं बिल मुदत संपून ४० दिवस झाले तरी आलं नव्हतं. ५ सप्टेंबरचं तेवढ्याच रकमेचं बिल ९ दिवस उलटलेलं. ६ ऑक्टोबरचं २१०० डॉलरचं बिल मात्र ५ नोव्हेंबरला देय होतं, म्हणजे ते अजून थकलेलंच नव्हतं.

हातावर हात ठेवून बसणं परवडणारं नव्हतं. परदेशी ग्राहकाला दिलेल्या सेवेवर आपण हमीपत्र देऊन जीएसटी न भरता बिल करू शकतो. पण बिलाच्या तारखेपासून एका वर्षात पैसे आले नाहीत आणि मुदत वाढवूनही घेतली नाही, तर तो कर व्याजासकट आपल्याच खिशातून भरावा लागतो. सॉफ्टवेअर सेवेवर तो १८ टक्के आहे. म्हणजे पैसे आले नाहीत ते वेगळंच, वर न आलेल्या पैशांवर कर.

इंग्रजीत थेट लिहायला बसले की हाताखाली तीच ठरलेली वाक्यं येतात. एखादं वाक्य किती टोचेल याचा अंदाज मला मराठीत येतो, इंग्रजीत तितका येत नाही. म्हणून बाबांना म्हटलं, "बाबा, आधी तुम्ही मराठीत सांगा, मग मी बघते." त्यांनी चष्मा लावून सांगितलं ते असं:

"सप्रेम नमस्कार. आपण सर्व मंडळी कुशल असाल. आमच्या बिलांची रक्कम अद्याप जमा झालेली दिसत नाही. कामाच्या गडबडीत नजरचुकीने राहून गेले असावे. दिवाळी तोंडावर आली आहे, तरी आपल्या सोयीने रक्कम पाठविण्याची कृपा करावी. गैरसमज नसावा. लोभ आहेच, तो वाढावा."

गोंदियाच्या व्यापाऱ्याला हे पत्र अगदी चोख. यातलं काय इंग्रजीत न्यायचं आणि काय नाही, हे मी एकेक वाक्य घेऊन ठरवलं.

'रक्कम जमा झालेली दिसत नाही' हे वाक्य सोन्यासारखं आहे. 'तुम्ही पैसे दिले नाहीत' असं ते म्हणत नाही. वाक्याचा कर्ता रक्कम आहे, समोरचा माणूस नाही. इंग्रजीत 'यू हॅव नॉट पेड' लिहिलं की आरोप होतो. 'वुई हॅव नॉट यट रिसीव्हड' लिहिलं की आपण फक्त आपल्या खात्यात काय दिसतं तेवढं सांगतो. बाबांची गोडी इथे जशीच्या तशी उतरली.

'नजरचुकीने राहून गेले असावे' हे मराठीत समोरच्याला पळवाट देणं आहे. इंग्रजीत तेच 'तुमचं लक्ष नव्हतं' असं ऐकू येऊ शकतं. पळवाट ठेवायची, पण चूक कोणाची ते बोलायचं नाही. म्हणून त्या जागी लिहिलं: पैसे आधीच पाठवले असतील तर तारीख कळवा, आणि आमच्याकडून एखादा कागद हवा असेल तर तेही सांगा.

खरा धोका 'आपल्या सोयीने'मध्ये होता. मराठीत याचा अर्थ 'लवकर पाठवा' हे देणारा आणि घेणारा दोघेही जाणतात. 'ॲट युअर कन्व्हीनियन्स' वाचणारा मात्र शब्दशः वाचतो आणि बिल पुढच्या महिन्यात ढकलतो. तिथे वार आणि तारीख घातली: शुक्रवार, २४ ऑक्टोबर. बाबांना ते जरा उद्धट वाटलं. मी म्हटलं, "बाबा, तिकडे तारीख न सांगणं म्हणजे घाई नाही असं सांगणं." दिवाळी, गैरसमज आणि लोभ मी गाळले. दिवाळीआधी हिशेब चुकते करण्याची रीत त्यांना ठाऊक नाही, आणि 'गैरसमज नसावा' म्हटलं की गैरसमज होण्यासारखं काहीतरी आहे असं उगाच वाटतं.

बाबांच्या पत्रात आकडे नव्हते, कारण मिलच्या गिऱ्हाइकाला आपली बाकी तोंडपाठ असे. माझं पत्र वाचणारा होता पैसे देणाऱ्या विभागातला कोणीतरी, ज्याने माझं नावही ऐकलेलं नव्हतं. त्यामुळे प्रत्येक बिलाचा क्रमांक, तारीख, रक्कम आणि देय तारीख एकेका ओळीत लिहिली आणि बिलं पुन्हा जोडली. महिना अक्षरी लिहिला, कारण ०५/०८ ही आपली ५ ऑगस्ट अमेरिकेत ८ मे होते. मुदत उलटलेल्या दोन बिलांनाच 'ओव्हरड्यू' म्हटलं. तिसऱ्याचा उल्लेखच केला नाही. न थकलेलं बिल थकबाकीत घातलं की सगळ्या पत्रावरचा विश्वास उडतो.

आणखी एक ओळ घातली: बँकेचा तपशील बिलावर आहे तोच आहे, बदललेला नाही. पैशांची आठवण करून देत नवा खाते क्रमांक कळवणं ही ईमेलवरच्या भामट्यांची नेहमीची रीत आहे. त्यामुळे उत्तरही आमच्या जुन्याच ईमेलच्या साखळीत पाठवलं, नव्या पत्त्यावरून नाही.

शेवटी पत्राचा गाभा एवढाच राहिला: "वुई हॅव नॉट यट रिसीव्हड पेमेंट फॉर द टू इन्व्हॉइसेस बिलो. कुड यू प्लीज कन्फर्म द पेमेंट डेट, ऑर अरेंज पेमेंट बाय फ्रायडे, ट्वेंटी-फोर्थ ऑक्टोबर?" विषयाच्या ओळीत बिलांचे क्रमांक आणि एकूण ३६०० डॉलर.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. बिलं मंजूर करणारे व्यवस्थापक नोकरी सोडून गेले होते आणि दोन्ही बिलं त्यांच्याच इनबॉक्समध्ये मंजुरीची वाट पाहत पडली होती. कोणी पैसे दाबून बसलेलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात दोन्ही रकमा जमा झाल्या. बाबांच्या काळात उधारी माणसाच्या मनात अडकायची, आता ती बहुतेकदा मंजुरीच्या एखाद्या पायरीवर अडकते. आणि ती पायरी शोधायला क्रमांक आणि तारखाच कामी येतात.

पहिल्या पत्राला उत्तर आलं नसतं, तर आठवड्याने त्याच साखळीत दुसरं पाठवलं असतं, आणि मग ज्यांच्याबरोबर रोज काम करतो त्यांना फोन. कराराप्रमाणे काम थांबवण्याची गोष्ट त्याही नंतर. बाबा म्हणतात तसं, पहिल्याच पत्रात शेवटचा शब्द वापरला की दुसऱ्या पत्रात लिहायला काही उरत नाही.