दोन टक्के सीडी म्हणजे वर्षाचे किती?

आमचं सांगलीत पाइप-फिटिंगचं दुकान आहे. कंपनीच्या बिलाला ४५ दिवसांची मुदत असते, पण दहा दिवसांत पैसे भरले तर दोन टक्के सीडी, म्हणजे कॅश डिस्काउंट मिळतो. ही सीडी घ्यावी असं मी म्हटलं, तेव्हा दादाने लगेच विचारलं, "दोन टक्क्यांसाठी बँकेचे अकरा टक्के कोण भरणार?" आमच्या सीसी खात्याचं व्याज तेव्हा अकरा टक्के होतं. त्यामुळे त्याचा प्रश्न रास्तच वाटत होता.

पण अकरा टक्के वर्षाचे असतात आणि सीडीचे दोन टक्के फक्त ३५ दिवसांचे. सीडी सोडायची म्हणजे दहाव्या दिवसापासून पंचेचाळिसाव्या दिवसापर्यंत कंपनीचे पैसे वापरायचे आणि त्याचं भाडं म्हणून ती सूट गमवायची.

मी बिल समोर घेतलं. माल १,००,००० रुपयांचा, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण १,१८,०००. आमची कंपनी सीडी मूळ रकमेवरच देते, जीएसटीत कपात करत नाही. म्हणजे सूट २,००० आणि दहाव्या दिवशी भरायचे १,१६,०००. इथे बरेच जण सरळ दोन टक्के धरतात, पण पैसे जीएसटीसकट गुंतत असल्याने २,००० ला १,१६,००० नेच भागायला हवं. उत्तर येतं १.७२ टक्के. त्याला ३६५ भागिले ३५ ने गुणलं की वर्षाला जवळपास १८ टक्के.

दादाला टक्क्यांपेक्षा रुपये पटतात. १,१६,००० वर ३५ दिवसांचं अकरा टक्क्यांनी व्याज सुमारे १,२२४ रुपये. सूट २,०००. बिलामागे ७७६ रुपये हातात राहतात. त्याने स्वतः कॅल्क्युलेटरवर पुन्हा करून पाहिलं आणि चेकबुक काढलं. चेक मात्र आम्ही दहाव्या दिवशी वटेल असाच देतो, आधी भरून जास्त काही मिळत नाही.

दुसरी एक कंपनी सात दिवसांत भरल्यास एकच टक्का देते, मुदत तीच. तिथे १,१७,००० वर १,००० रुपये वाचतात, म्हणजे ३८ दिवसांसाठी वर्षाचा दर ८.२ टक्के. ती सीडी आम्ही सोडतो.

सीसीची मर्यादा भरली असेल आणि खासगीतून महिना दोन टक्क्यांनी उचलावे लागणार असतील, तर १८ टक्क्यांची सीडीही परवडत नाही. आणि तुमची पेमेंटं एरवी साठाव्या दिवशी जात असतील, कंपनीही उशिराचं व्याज लावत नसेल, तर ३५ च्या जागी ५० धरा. दर साडेबारावर येतो, फायदा नावापुरता उरतो. म्हणून मुदत बिलावरची न धरता, आपण खरोखर ज्या दिवशी पैसे देतो तो दिवस धरून हिशेब करा.