केळीच्या करारातली तीन कलमं

नांदेड

चि. भाच्यास,


तू पाठवलेला केळी खरेदीच्या कराराचा मसुदा मिळाला, सोबतचा तक्ताही मिळाला. तक्त्यात तू पैसे देण्याची अट, करार संपवणं आणि वादाचा निवाडा या तिन्हींपुढे ‘आहे’ असं लिहिलंस. कलमांचे मथळे पाहिले तर तुझं बरोबर आहे. पण मथळा सापडला म्हणजे अट सापडली, असं मी धरत नाही. वकिलीत मला लागलेली सवय तुलाही लावून घे. शेतातून निघणारी एक गाडी डोळ्यांसमोर धर आणि ती कलमांमधून चालवून बघ. जिथे ती अडेल, तिथे अट नाही असं समज.

समज, शनिवारी आपल्या शेतकरी गटाच्या मळ्यातून १०० क्विंटल केळी कापली. भाव क्विंटलला १,५०० रुपये, म्हणजे दीड लाख. कलम ९ म्हणतं, ‘माल गुणवत्ता तपासणीत मान्य झाल्यापासून १५ दिवसांत रक्कम अदा केली जाईल.’ आता सांग, हे १५ दिवस कोणत्या तारखेपासून मोजायचे? तपासणी कुठे, कोण आणि किती दिवसांत करणार, हे मसुद्यात कुठेच नाही. खरेदीदाराने माल ‘मान्य’ असं लिहूनच दिलं नाही, तर दिवस मोजायला सुरुवातच होत नाही. माल ठेवून घेऊन वाजवी वेळेत नाकारल्याचं कळवलं नाही, तर तो स्वीकारला असं १९३० चा मालविक्री कायदा मानतो, हे खरं. पण वाजवी वेळ किती, हे कोर्टात भांडून ठरणार, आणि केळं तोवर थांबत नाही. दहाव्या दिवशी त्यांचा फोन येईल, ‘२० क्विंटल डागी निघाला.’ तीस हजार कापले जातील. ती २० क्विंटल केळी कुणी पाहिली, पुढे त्यांचं काय झालं, हे विचारायला तुझ्या हातात कागद नसेल.

म्हणून कलम ९ असं मागून घे. जाडी, लांबी आणि डाग यांची प्रतवारी कापणीच्या वेळी मळ्यातच व्हावी. काट्याच्या पावतीवर त्यांच्या आणि आपल्या माणसाची सही असावी, आणि दांड्याचं वजन धरायचं की वजा करायचं हेही त्याच पावतीवर असावं. १५ दिवस पावतीच्या तारखेपासून मोजावेत. गाडी हलल्यानंतर गुणवत्तेपोटी कपात नाही. तेवढं ते मानणार नसतील, तर तक्रार २४ तासांत, फोटोंसह आणि लेखी यावी. नाही आली तर माल मान्य. उशीर झाला तर वर्षाला किती टक्के व्याज, तो आकडाही घाल.

भावाच्या बाबतीत मसुद्यात फक्त ‘प्रचलित बाजारभाव’ लिहिलंय. कुठला? अर्धापूरचा, रावेरचा की बऱ्हाणपूरचा? आणि कोणत्या दिवसाचा? कापणीची तारीख त्यांनी ठरवायची असेल, तर भाव पडेपर्यंत ते थांबू शकतात, आणि थांबलेला घड झाडावरच पिकायला लागला की तोच माल ‘निर्यातीस अयोग्य’ ठरतो. म्हणजे कापणीची तारीख हीसुद्धा पैशाचीच अट झाली. तुझ्या तक्त्यात तिला रकानाच नाही.

आता कलम १४. ‘कोणताही पक्ष ३० दिवसांची लेखी नोटीस देऊन करार संपवू शकेल.’ दिसायला दोघांना सारखंच. पण निसवल्यापासून काढणीपर्यंत घडाला साधारण तीन-चार महिने लागतात. घड निसवला, फण्या मोजून झाल्या, पिशव्या चढवल्या आणि त्यांनी नोटीस पाठवली, तर ३० दिवसांनी ते मोकळे आणि आपल्या लोकांचा खर्च झाडावर लटकलेला. नोटिशीची मुदत पिकाच्या हिशोबाने बांधून घे: नोटीस पोचेपर्यंत जे प्लॉट निसवले असतील, त्यांचा माल खरेदीदाराने घ्यायचाच. शिवाय करार संपला तरी आधीच्या गाड्यांचं येणं आणि अनामत परत करणं कायम राहील, हे एक वाक्य हवं. ते नसलं म्हणून येणं बुडत नाही, पण त्यावरून भांडायला जागा राहते.

आणि एवढ्यावर थांबू नकोस. करार संपण्याची वाट दुसऱ्या कलमांतही लपलेली असते. ‘रद्द’, ‘संपुष्टात’, ‘आपोआप’ हे शब्द अख्ख्या मसुद्यात शोध. मी शोधले, तेव्हा कलम ६ मध्ये सापडलं: लागोपाठ दोन गाड्या गुणवत्तेत नापास झाल्या तर करार आपोआप संपुष्टात. गुणवत्ता ठरवणार ते, नापास करणार ते. मग ३० दिवसांच्या नोटिशीला अर्थ काय उरला? दैवी आपत्तीच्या कलमाचीही तीच गत. त्यात महामारी, युद्ध आणि बंदर बंद पडणं आहे, म्हणजे त्यांच्या आपत्त्या. मे-जूनच्या वादळात बागा आडव्या होतात, ते वादळ त्यात नाही. ते घातलं नाहीस, तर माल न पुरवल्याची भरपाई आपल्याकडून मागतील.

सगळ्यात गंमत कलम १९ ची. मथळा ‘वाद निवारण’, भाषा भारदस्त, आणि आत काय? २०२० च्या कृषी करार कायद्याप्रमाणे वाद आधी सलोखा मंडळाकडे आणि मग उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे जाईल. तो कायदा सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२१ मध्ये स्थगित केला आणि संसदेने त्याच वर्षाअखेर मागे घेतला. कुठल्यातरी जुन्या नमुन्यातून हे कलम उचललेलं दिसतं. त्या कलमाखाली उपविभागीय अधिकाऱ्यांकडे गेलास, तर तुझा अर्ज ऐकायचा अधिकारच त्यांच्याकडे नाही. तक्त्यात मात्र तिथे ‘आहे’ लिहिलेलं.

हे दाखवलंस की ते लवादाचं कलम पुढे करतील. येऊ दे, पण दोन गोष्टी बघ. ‘उभय पक्षांनी ठरवल्यास वाद लवादाकडे सोपवला जाईल’ अशी भाषा असेल, तर तो लवादाचा करारच होत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २००७ मध्ये जगदीश चंदर खटल्यात सांगितलंय. ‘सोपवला जाईल’ एवढंच हवं, जर-तर नको. दुसरं, ‘लवाद कंपनीचे संचालक नेमतील’ हे नको. वादात ज्याचा हितसंबंध आहे, त्याने एकट्याने एकमेव लवाद नेमू नये, हे २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन निकालापासून पक्कं आहे. तरी अशी वाक्यं मसुद्यांत येत राहतात, कारण समोरचा वाचत नाही. लवादाचं स्थान नांदेड असावं. मुंबई लिहिलं, तर लवादाशी संबंधित प्रत्येक अर्जासाठी मुंबईची वाट धरावी लागेल, आणि तीस हजारांसाठी ती कुणी धरत नाही, हे त्यांना ठाऊक असतं.

त्याच कलमाच्या शेवटी बारीक अक्षरांत आहे, ‘९० दिवसांत दावा न केल्यास हक्क संपुष्टात येईल.’ त्याला घाबरू नकोस. दावा करण्याची मुदत अशी कमी करणारी अट करार कायद्याच्या कलम २८ प्रमाणे रद्दबातल ठरते. तरी खोडून घे, नाहीतर आपला एखादा शेतकरी तेच वाचून गप्प बसेल.

कलम ५ मध्ये ‘गुणवत्तेचे निकष परिशिष्ट ब प्रमाणे’ असं लिहिलंय. परिशिष्ट ब मला मिळालेलं नाही. तुझ्याकडे असेल तर पाठव, नसेल तर त्यांच्याकडून मागव. त्याशिवाय कलम ६ आणि ९ वर माझं मत अर्धंच समज. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा