‘सांगता येत नाही’ या उत्तराचे मोल

तीन मुलांच्या वयांचे कोडे निरनिराळ्या वेषांत ऐकायला मिळते. कधी जनगणनेसाठी दारी आलेल्या प्रगणकाला घरधनी ते घालतो आणि वयांची बेरीज म्हणून घराच्या क्रमांकाकडे बोट दाखवतो. कधी बऱ्याच वर्षांनी भेटलेले दोन मित्र ते एकमेकांना घालतात. वेष कोणताही असो, गुणाकार बहुधा ३६ असतो आणि शेवटी एक चमत्कारिक सूचना येते: ‘थोरली मुलगी पेटी वाजवते.’ ऐकणारा येथे गोंधळतो. पेटीचा आणि गणिताचा काय संबंध, असा प्रश्न त्याला पडतो.

तालुक्याच्या एका गावी आठवीच्या वर्गात गणिताच्या गुरुजींनी हेच कोडे जरा वेगळ्या रीतीने मांडले. त्यांनी फळ्यावर लिहिले, ‘तीन मुलींच्या वयांचा गुणाकार ३६.’ मग वयांची बेरीज एका चिठ्ठीवर लिहून ती पहिल्या बाकावरील एका मुलीच्या हाती दिली आणि ती इतर कोणालाही दाखवू नये असे बजावले. मुलीने वहीत बराच वेळ आकडेमोड केली, ती पुन्हा तपासली आणि उभी राहून खालच्या आवाजात म्हणाली, “गुरुजी, एवढ्यावरून वये सांगता येत नाहीत.”

वर्ग हसला. बेरीज हाती असूनही हिला जमले नाही, असेच सर्वांना वाटले. गुरुजी मात्र फळ्याकडे वळले आणि त्यांनी ३६ च्या खाली मुलीचे वाक्य जसेच्या तसे लिहिले. म्हणाले, “हीसुद्धा दिलेली माहिती आहे. आता चिठ्ठीत कोणती संख्या आहे ते तुम्ही ओळखा.”

बीजगणितात हुशार असलेल्या एका मुलाने तीन अक्षरे मानून समीकरणे मांडायला घेतली आणि तो लगेच अडला. अज्ञात तीन, समीकरणे दोन, त्यातही दुसऱ्यातील बेरीज ठाऊक नाही. या वाटेने कोडे सुटत नाही. वये पूर्ण वर्षांत मोजतात, अपूर्णांकांत नाही, ही साधी गोष्ट येथे उपयोगी पडते. तिच्यामुळे शक्यता मोजक्याच उरतात आणि त्या सगळ्या कागदावर लिहून काढता येतात.

लिहिताना शिस्त हवी. वये लहानाकडून मोठ्याकडे लिहावीत. आधी सर्वांत धाकटीचे वय १ धरून ३६ चे सगळे गट करावेत, मग २ धरून, मग ३ धरून. धाकटी ४ वर्षांची असू शकत नाही. कारण तिघीही निदान ४ वर्षांच्या झाल्या तर गुणाकार निदान ६४ होईल. या रीतीने आठ गट मिळतात. प्रत्येकासमोर बेरीज मांडली की यादी अशी दिसते:

१, १, ३६ – बेरीज ३८
१, २, १८ – बेरीज २१
१, ३, १२ – बेरीज १६
१, ४, ९ – बेरीज १४
१, ६, ६ – बेरीज १३
२, २, ९ – बेरीज १३
२, ३, ६ – बेरीज ११
३, ३, ४ – बेरीज १०

आता त्या मुलीच्या जागी बसून पाहावे. तिच्या चिठ्ठीत १४ असते, तर तिने तत्काळ १, ४, ९ असे उत्तर दिले असते. ११ असते, तरी ती अडली नसती. जी बेरीज यादीत एकदाच येते, ती हाती असणारा अडत नाही. ती अडली, याचा अर्थ तिच्या चिठ्ठीतील बेरीज यादीत दोनदा आली आहे, आणि अशी बेरीज एकच आहे: १३. हसणाऱ्या वर्गाला चिठ्ठीतील संख्या त्या मुलीच्या असमर्थतेतूनच कळली.

एवढे कळल्यावर पेटीचा उलगडा होतो. १, ६, ६ या गटात मोठ्या मुली दोन आहेत आणि दोघींचे वय सारखे. २, २, ९ या गटात थोरली एकच आहे. सूचनेतील महत्त्वाचा शब्द ‘पेटी’ नसून ‘थोरली’ हा आहे. म्हणून वये २, २ आणि ९.

वर्गातील एका मुलाने शंका काढली, ती रास्त होती. जुळ्यांमध्येही एक काही मिनिटांनी मोठी असतेच; शिवाय अकरा महिन्यांच्या अंतराने जन्मलेल्या दोन बहिणी काही दिवस दोघीही ६ वर्षांच्याच म्हणवतात. गुरुजींनी ती शंका मान्य केली. या कोड्यात वय म्हणजे पूर्ण झालेली वर्षे आणि थोरली म्हणजे पूर्ण वर्षांच्या हिशेबाने थोरली, हा संकेत धरावाच लागतो. तो न मानणाऱ्याला दोन उत्तरांपैकी एक निवडता येणार नाही.

चूक बहुधा यादी करताना होते. कोणी १, ६, ६ हा गट जुळ्या मुली मनात न आल्यामुळे गाळतो. मग उरलेल्या सात बेरजा सगळ्या वेगवेगळ्या येतात आणि ती मुलगी का अडली, याचे कारणच सापडत नाही. कोणतीही बेरीज दोनदा आली नाही, तर आपल्या यादीतून काहीतरी सुटले आहे असे खुशाल समजावे.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. हे सगळे अनुमान त्या मुलीच्या एका वाक्यावर उभे आहे. वर्गासमोर कमीपणा नको म्हणून तिने १, ६, ६ असे अंदाजाने ठोकून दिले असते, तर बेरीज वर्गाला कळली असती, पण वये चुकीची ठरली असती. अर्धीच यादी करून ती घाईने ‘येत नाही’ म्हणाली असती, तरीही वर्ग फसला असता. कारण मग तिच्या चिठ्ठीत कोणतीही संख्या असू शकली असती. पूर्ण तपास करून प्रामाणिकपणे दिलेले ‘सांगता येत नाही’ हेच येथे उपयोगाचे.

पुढे मुलांनी स्वतः कोडी रचून पाहिली. ३६ हून लहान संख्या घेतली की एकही बेरीज दोनदा येत नाही. २४ किंवा ३० घेऊन याचा पडताळा पाहता येतो. ४० घेतले तर १, ५, ८ आणि २, २, १० या दोन्ही गटांची बेरीज १४ येते. पण येथे थोरलीची सूचना कुचकामी ठरते. थोरली दोन्हीकडे एकच आहे. ‘धाकट्या दोघी जुळ्या आहेत’ असे सांगितले, तरच कोडे सुटते. म्हणजे शेवटची सूचना आधी ठरवून चालत नाही. एकच बेरीज असलेले गट समोर ठेवून, त्यांना वेगळे करणारी सूचना शोधावी लागते.

ज्या वाचकांना हात चालवून पाहायचा असेल, त्यांनी ७२ घ्यावे. येथे थोरलीची सूचना पुन्हा चालते आणि मुलींची वयेही घरात शोभतील अशी निघतात. यादीत १२ गट यायला हवेत. कमी आले, तर पेटीकडे वळण्याआधी यादी पुन्हा तपासावी.