गोळीच्या आधीचे आठ आठवडे

कळंबात माझं बी-बियाण्यांचं दुकान आहे. 2022 च्या उन्हाळ्याआधी संडासला रक्त पडायला लागलं. कुणी मूळव्याध म्हणालं, कुणी रक्ती आव. आवेच्या गोळ्यांचे दोन कोर्स झाले, तरी दिवसातून आठ वेळा जावं लागत होतं. शेवटी जूनमध्ये, दुकानात पेरणीची गर्दी असताना, लातूरला जाऊन दुर्बिणीची तपासणी केली. मोठ्या आतड्याला आतून जखमा होत्या. अल्सरेटिव्ह कोलायटिस. मेसालामाइनच्या गोळ्या सुरू झाल्या आणि पंधरा दिवसांत रक्त थांबलं. पुढचे तीन महिने मी ठणठणीत होतो. ते तीन महिने किती मोलाचे होते, हे मला जानेवारीत कळलं.

सप्टेंबरच्या शेवटी, सोयाबीनची काढणी सुरू होताना, रक्त परत आलं. डॉक्टरांनी प्रेडनिसोलोन दिलं. रोज सकाळी नाश्त्यानंतर 40 मिलिग्रॅम, मग दर आठवड्याला 5 मिलिग्रॅम कमी. चौथ्या दिवशी मी दोनदाच गेलो. भूक एवढी लागायची की आई म्हणाली, ‘‘आता लागलं बघ औषध.’’ चेहरा गोल झाला, झोप उडाली, पण रक्त नव्हतं. नोव्हेंबरच्या शेवटी कोर्स संपला आणि तीन आठवड्यांत सगळं पहिल्यासारखं. पुन्हा 40 पासून सुरुवात.

जानेवारीच्या मध्यावर, डोस 20 वर आला असताना, डॉक्टर म्हणाले, ‘‘स्टिरॉइडवर कायम राहता येत नाही. हाडं, साखर, डोळे, सगळ्याला त्रास होतो. आता अ‍ॅझाथायोप्रिन लागेल. ही गोळी सावकाश काम करते, गुण यायला तीन महिने लागू शकतात. तोवर स्टिरॉइड उतरवत नेऊ.’’ मग त्यांनी विचारलं, ‘‘लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का?’’

मी आईला फोन लावला. ती म्हणाली, ‘‘तुझ्या बहिणीला आल्या होत्या. तुला तवा मावशीकडं धाडलं होतं.’’ रक्तात कांजिण्यांच्या अँटिबॉडी तपासल्या. निघाल्याच नाहीत.

डॉक्टरांनी कागदावर आकडे मांडले. कांजिण्यांची लस जिवंत विषाणूची असते, फक्त दुबळा केलेला. धडधाकट माणसाचं शरीर त्याला आवरतं. रोज 20 मिलिग्रॅम किंवा जास्त स्टिरॉइड दोन आठवड्यांहून अधिक चाललं असेल, तर तोच दुबळा विषाणू अंगावर उलटू शकतो. म्हणून स्टिरॉइड संपून निदान महिना गेल्याशिवाय लस नाही. दोन डोस, मध्ये चार आठवडे, दुसऱ्यानंतर औषध सुरू करायला आणखी चार आठवडे. एकूण आठ आठवडे. माझ्याकडे जून ते सप्टेंबर असे बारा आठवडे मोकळे होते. तेव्हा कुणी विचारलं नाही, आणि विचारायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं. आता थांबावं तर आतडं थांबत नव्हतं.

टीबीचंही तसंच झालं. छातीचा एक्स-रे आणि हातावरची मँटू चाचणी केली. हात फुगला नाही. मी खूश झालो, पण डॉक्टर नव्हते. टीबीचा जंतू अंगात झोपलेला असला तरी स्टिरॉइड चालू असताना हात फुगेलच असं नाही. म्हणून रक्ताची वेगळी चाचणी केली, तीही निगेटिव्ह आली. पण तिच्यावरही स्टिरॉइडची सावली पडू शकते, असं सांगून त्यांनी बजावलं की रात्री घाम, बारीक ताप, दोन आठवड्यांचा खोकला किंवा वजन घटणं यातलं काही दिसलं की लगेच या. हिपॅटायटिस बी तपासला. तो नव्हता, पण त्याविरुद्धची ताकदही नव्हती. ही लस जिवंत नसते, त्यामुळे गोळी चालू असताना देता येते, फक्त तिचा परिणाम कमी पडू शकतो. शून्य, एक आणि सहा महिने असे तीन डोस ठरले. न्यूमोनियाची आणि दरवर्षीची फ्लूची लसही घेतली. कांजिण्यांसाठी घरच्यांचंच कुंपण केलं. माझ्या मुलीचा एक डोस राहिला होता, तो दिला.

माझं वजन 56 किलो. अ‍ॅझाथायोप्रिनची पूर्ण मात्रा किलोला दोन-अडीच मिलिग्रॅम बसते, पण सुरुवात 50 ने झाली. दर आठवड्याला कळंबातच सीबीसी करून आकडे फोनवर पाठवायचे. पांढऱ्या पेशी पहिल्या आठवड्यात 11,200, मग 10,400, 8,900, 6,800. मला वाटलं, रक्त भक्कम आहे. खरं तर स्टिरॉइडच आकडा फुगवतं. ते उतरत होतं, म्हणून आकडाही उतरत होता. अ‍ॅझाथायोप्रिन खाली काय करतंय, ते त्या फुगवट्यात दिसत नव्हतं.

फेब्रुवारीच्या मध्यावर स्टिरॉइड संपलं. त्याच आठवड्यात केस गळायला लागले, कंगव्याला गुंता नव्हे, मूठच. आई म्हणाली, ‘‘बोरच्या पाण्यानं गळत्यात.’’ मलाही पटलं. बायको मात्र म्हणाली, ‘‘अहो, पाणी तर आम्हीही तेच वापरतो.’’ पाचव्या आठवड्याचा सीबीसी आला. पांढऱ्या पेशी 2,700, त्यात न्यूट्रोफिल 1,100. डॉक्टरांनी फोनवर पहिला प्रश्न केला, ‘‘केस गळतात का?’’ आणि त्याच मिनिटाला गोळी बंद करायला लावली. ताप 100.4 च्या वर गेला तर रात्री असो की पहाट, दवाखाना गाठायचा.

एनयूडीटी15 नावाच्या जनुकाची तपासणी केली. त्याच्या दोन प्रतींपैकी माझी एक बिघडलेली निघाली. अशा माणसाच्या अंगात औषधाचा विषारी भाग साचतो, अस्थिमज्जा मार खाते आणि केसही एकदम जातात. भारतीयांमध्ये हा बिघाड बऱ्यापैकी आढळतो. दोन आठवड्यांत पेशी 4,300 झाल्या आणि गोळी 25 वर पुन्हा सुरू झाली. दोन्ही प्रती बिघडलेल्या असत्या, तर हे औषध माझ्यासाठी नव्हतंच.

एप्रिलमध्ये येडेश्वरीच्या यात्रेला येरमाळ्याला पाहुण्यांकडे गेलो. दोन घटका एकाच खोलीत बसल्यावर त्यांच्या नातवाच्या पाठीवर पाण्याचे फोड दिसले. त्या क्षणी मी बाहेर आलो आणि लातूरला फोन केला. सातव्या दिवसापासून सात दिवस व्हॅलासायक्लोव्हिर घ्यायचं आणि एकविसाव्या दिवसापर्यंत अंगावर फोड येतात का पाहायचं, असं ठरलं. रोज आंघोळीला बायको पाठ बघायची. बाविसाव्या दिवशी तिने बघणं सोडलं.

आता आतडं शांत आहे. दर तीन महिन्यांनी सीबीसी आणि लिव्हरची तपासणी करतो आणि आकडे दुकानातल्या उधारीच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहितो. मागच्या हंगामात शिराढोणचं एक गिऱ्हाईक बियाणं घ्यायला आलं आणि जाता जाता म्हणालं, याच आजाराच्या गोळ्या सुरू झाल्यात, बरं वाटतंय. स्टिरॉइड आहे का विचारलं. नाही म्हणाला, फक्त मेसालामाइन. मी पिशवी बाजूला ठेवली आणि म्हणालो, ‘‘आधी घरी फोन लावा. लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का, ते विचारा.’’