‘काउंटरवरून’चा चौथा भाग

गेल्या रविवारी आपल्या बडोद्याच्या एका ज्येष्ठ वाचकांनी मला विचारलं, "अहो, दर शनिवारी तुमचा तो सात मिनिटांचा भाग येतो, तो तुम्ही बसल्या बसल्या बोलता की लिहून काढता?" लिहून काढतो. एकेक शब्द. आणि त्यातला एक भाग लिहायला मला सहा आठवडे लागले, त्याची हकिगत आज सांगतो.

बँकेत छत्तीस वर्षं काढली, त्यातली निम्मी तरी ठेव विभागात. निवृत्तीनंतर दांडिया बाजारच्या आमच्या घरी कुणी ना कुणी पासबुक घेऊन येतच असतं. प्रश्न बहुतेक एकाच प्रकारचे, म्हणजे घरातला माणूस गेल्यानंतर बँकेत काय करायचं. तेच तेच दहा जणांना सांगण्यापेक्षा एकदा नीट बोलून ठेवावं, अशी नातीची सूचना. ती कॉलेजात आहे, मोबाईलवर ध्वनिमुद्रण, कापाकापी सगळं तिला येतं. मी म्हटलं, चालेल.

पहिला भाग मी माझ्या बँकेतल्या परिपत्रकासारखा लिहिला. शीर्षक दिलं, ‘नामनिर्देशन : अर्थ, स्वरूप व कार्यपद्धती (भाग १)’. बावीस मिनिटं बोललो. आमच्या सोसायटीतल्या चाळीसेक घरांना पाठवला. आठवड्याने जिन्यात भेटलेल्या एका वहिनींना विचारलं, तर म्हणाल्या, "छान होतं, पण मला भाजी टाकायची होती, मग राहिलं." नातीनं स्पष्ट सांगितलं, "आबा, ‘अर्थ, स्वरूप’ वाचून कुणालाच वाटत नाही की हे माझ्याबद्दल आहे."

मग मी काउंटरवरचे दिवस आठवले. गिऱ्हाईक येतं ते काही ‘नामनिर्देशन’ म्हणत येत नाही. ते एक वाक्य घेऊन येतं. "साहेब, सही जुळत नाही म्हणतात." "लॉकरची किल्ली यांच्याकडे होती." "मी नॉमिनी आहे, मग दीर कशाला मधे येतात?" शीर्षकाचा साचा तिथून मिळाला. मालिकेचं नाव, भागाचा आकडा, आणि पुढे अवतरणात गिऱ्हाइकाचं वाक्य, त्याच्याच तोंडचं. ‘काउंटरवरून – २ : "सही जुळत नाही म्हणतात"’. ज्याची सही जुळत नाही तो ते उघडतो. बाकीचे नाही उघडत, आणि त्यात काही वावगं नाही.

या साच्याचा आणखी एक फायदा लिहिताना कळला. शीर्षकातल्या वाक्याचं उत्तर झालं की भाग संपवावाच लागतो. नॉमिनीविषयी बोलताना मृत्युपत्राकडे घसरलो, तर शीर्षक मला आवरतं. एका भागात एक प्रश्न, एक नियम आणि घरी जाऊन बघायचा एक कागद. चौथी गोष्ट सुचली तर ती वहीच्या शेवटच्या पानावर, पुढच्या भागासाठी.

भागाचा सांगाडाही ठरवून टाकला. आधी गिऱ्हाइकाचं वाक्य आणि ते कुणी, कधी म्हटलं ते, अर्धं मिनिट. मग घडलेली गोष्ट, तीन मिनिटं. मग नियम, दोन मिनिटं. मग एक मिनिट, ‘आज रात्री कपाट उघडा आणि अमुक कागदावर तमुक जागी काय लिहिलंय ते बघा’. शेवटचं अर्धं मिनिट मागच्या भागावर आलेल्या एका प्रश्नाचं. घड्याळ लावून वाचलं, तर म्हाताऱ्या माणसांना ऐकू येईल अशा बेताने मी मिनिटाला शंभरेक शब्द बोलतो. म्हणजे सात मिनिटांना सातशे शब्द. माझ्या अक्षरात फुलस्केपची तीन पानं. चौथं पान सुरू झालं की समजावं, काहीतरी भलतंच शिरलंय.

नियमाची दोन मिनिटं मात्र वेगळी मुद्रित करायची, ही युक्ती आम्हांला ठेच लागल्यावर सुचली. नॉमिनीच्या भागात मी म्हटलं होतं की ठेवीला एकच नॉमिनी लावता येतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून चारपर्यंत नावं देता येऊ लागली. ठेवीला ती एकाच वेळी, ज्याचा त्याचा टक्का ठरवून देता येतात, नाहीतर एकामागून एक अशी देता येतात. लॉकरला मात्र फक्त एकामागून एक. माझं वाक्य गोष्टीच्या मधोमध पेरलेलं, त्यामुळे अख्खा भाग पुन्हा बोलावा लागला. तेव्हापासून बदलू शकणारी गोष्ट फक्त नियमाच्या तुकड्यात, आणि त्या तुकड्याची सुरुवात ‘अमुक महिन्यात नियम असा आहे’ अशी. बदल झाला की नात तेवढा तुकडा काढून दुसरा बसवते.

दहा भागांची यादी केली. निष्क्रिय खातं, म्हणजे दोन वर्षं आपण स्वतः काहीच व्यवहार केला नाही की काय होतं. दहा वर्षं पडून राहिलेली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते पण बुडत नाही, ती परत कशी मागायची. नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा असतो, मालक वारस असतात. असं करत यादी झाली. तीन भाग आधी मुद्रित करून ठेवल्याशिवाय पहिला पाठवायचा नाही असंही ठरलं, कारण सर्दी-खोकला काही शनिवार बघून येत नाही.

आणि चौथ्या क्रमांकावर मी लिहिलं होतं : "माझं नाव आहे ना पावतीवर, मग पैसे का देत नाहीत?"

हे वाक्य माझ्या थोरल्या वहिनींचं आहे.

दादा आणि वहिनींची सहा लाखांची मुदत ठेव होती, पाच वर्षांची, जून २०१७ मध्ये केलेली. दोघांच्या नावे, ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’, म्हणजे दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो. दादा फेब्रुवारी २०१९ मध्ये गेले. मे महिन्यात वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा त्या ठेव मोडायला बँकेत गेल्या. काउंटरवरच्या मुलीनं पावती बघितली आणि सगळ्या वारसांची संमती आणायला सांगितली. पुतणी पुण्यात, पुतण्या कॅनडात. त्याचा कागद तिकडून साक्षांकित होऊन यायला सात आठवडे गेले.

ती मुलगी चुकली नव्हती. मुदत पूर्ण झाली असती तर मागे राहिलेल्या वहिनींना पैसे सरळ मिळाले असते. पण मुदतीआधी मोडायचं म्हणजे ठेवीचा करार मधेच बदलणं. एक खातेदार गेल्यावर मागे राहिलेल्याला एकट्याला तसं करू द्यायचं, तर दोघांनी मिळून आधीच तशी लेखी परवानगी बँकेत दिलेली असावी लागते. नसेल तर गेलेल्या माणसाच्या वारसांची संमती लागते. ही परवानगी फॉर्मवर एका वेगळ्या ओळीत असते, खूण करून दोघांनी सही करायची. ठेव करताना, किंवा मुदत चालू असताना नंतर केव्हाही, देता येते. दोघंही हयात असले की झालं. आणि खातेदाराच्या मृत्यूमुळे ठेव मोडली तर मुदतीआधी मोडल्याचा दंड लागत नाही, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं.

तर ती ओळ दादांच्या फॉर्मवर कोरी होती. फॉर्म मी भरला होता. माझ्या हस्ताक्षरात. दादा म्हणाले होते, "तू बँकेतला, तूच भर, मी सही करतो." मी चहा घेत दहा मिनिटांत भरून दिला.

वहिनींनी त्या सात आठवड्यांत मला एक शब्द विचारला नाही. ऑपरेशनचे पैसे त्यांनी शेजारच्या बेनकडून उसने घेतले, हे मला दिवाळीत दुसऱ्याच कुणाकडून कळलं.

आता हा भाग कसा लिहायचा? पहिला खर्डा केला त्यात ‘एक बँक अधिकारी’ होता. गोष्ट नीट होती, नियम नीट होता, पानं तीनच. पण घड्याळ लावून वाचताना दरवेळी दुसऱ्या पानावर माझी गती बिघडायची, दीडशे शब्दांवर जायची. नात म्हणाली, "आबा, इथे तुम्ही पळताय." दुसऱ्या खर्ड्यात मी ‘माझ्या एका ओळखीच्यांनी’ घातलं. तेही तसंच पळालं. दरम्यान पाचवा आणि सहावा भाग मुद्रित होऊन पडले होते, आणि चौथ्याशिवाय ते पाठवता येईनात. एक-दोघांचे फोन आले, शनिवारी काही आलं नाही म्हणून. नात म्हणाली, आकडा बदलून टाकू, पाचव्याला चौथा म्हणू. तेही करून बघितलं असतं, पण पाचव्यात ‘मागच्या वेळी सांगितलेली फॉर्मवरची ती ओळ’ असा उल्लेख होता.

शेवटी वहीच घेऊन वहिनींकडे गेलो. वाडीत राहतात, एकट्या. म्हटलं, "वहिनी, तुमची गोष्ट सांगायची आहे, नाव न घेता. ऐकून सांगा." त्यांनी पूर्ण ऐकलं. मग म्हणाल्या, "भाऊजी, फॉर्म कुणी भरला ते राहिलं की यात."

म्हणजे त्यांना माहीत होतं. काउंटरवरच्या मुलीनं त्यांना तो जुना फॉर्म काढून दाखवला होता, आणि माझं अक्षर त्या चाळीस वर्षं ओळखतात.

मी विचारलं, "मग मला तेव्हा का नाही म्हणालात?"

"म्हणून काय झालं असतं? तुम्ही धावपळ केली असती, कागद तरी कॅनडाहूनच यायचा होता ना. आणि तुमच्या दादांच्या तेराव्याला तीन महिनेच झालेले. चहा टाकू?"

तिसरा खर्डा त्याच रात्री झाला. पहिलं अर्धं मिनिट वहिनींचं वाक्य. मग, "हे वाक्य माझ्या वहिनींचं आहे, आणि ज्या फॉर्ममुळे त्यांना ते म्हणावं लागलं तो मी भरला होता." पुढची तीन मिनिटं सरळ, जसं घडलं तसं. वाचताना घड्याळ बघितलं नाही, नातीनं नंतर सांगितलं, सहा मिनिटं पन्नास सेकंद.

कपाट उघडायला सांगायच्या मिनिटात असं म्हटलंय : दोघांच्या नावाची जी जी एफडी असेल तिची पावती काढा. तिच्यावर ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ असेल, पण तेवढ्यानं भागत नाही, आणि परवानगी दिलीय की नाही ते पावतीवरून कळेलच असं नाही. शाखेत दोघांनी मिळून जा, ‘मुदतीआधी मोडण्याची हयात खातेदाराला परवानगी’ नोंदली आहे का विचारा, नसेल तर तिथंच अर्ज द्या आणि पोच घ्या. नॉमिनीचं नावही त्याच फेरीत बघून या.

भाग शनिवारी सकाळी गेला. संध्याकाळपर्यंत नऊ जणांनी विचारलं, त्यातल्या सातांचा प्रश्न एकच : आमच्यातले एकजण अंथरुणाला खिळलेत, शाखेत जाऊ शकत नाहीत, मग सही कशी घ्यायची? सातवा भाग तोच. शीर्षक एका काकांच्या शब्दांत : ‘काउंटरवरून – ७ : "हिला उचलून आणू का बँकेत?"’

वहिनींचाही निरोप आला, नातीच्या फोनवर. भाजी टाकून पूर्ण ऐकला म्हणे, आणि आवाज जरा हळू होता.