दोन पानांचा गोषवारा

मावसभावाने व्हॉट्सॲपवर एकशे अठरा पानांची पीडीएफ धाडली, खाली एक ओळ: "ताई, दोन पानांत सांग ना, बिल्डर म्हणतो सगळं स्टँडर्ड आहे." ठाण्याच्या पुढे बांधकाम चालू असलेल्या इमारतीतला फ्लॅट, त्याचा विक्री करारनामा. मी वकील नाही. बावीस वर्षं एका वकिलांच्या ऑफिसात दस्त टाइप करण्यात, तपासण्यात आणि नोंदणीला नेण्यात गेली, आणि त्या ओघात असे गोषवारे करायची सवय लागली.

आधी मी स्क्रोल करून पाहते की फाइलमध्ये शब्द शोधता येतात का. ही स्कॅन केलेली होती, म्हणजे पानांचे नुसते फोटो. शोध घेतला तर काहीच सापडत नाही, आणि न सापडलेला शब्द दस्तात नाहीच, असा समज होतो. म्हणून ओसीआर करून घेतलं. तरी आकडे नेहमी मूळ पानावरच वाचते. स्कॅनमधला तीन कधी आठ होतो, आणि दशांश चिन्ह तर सर्रास गळतं.

मग वाचायला बसते ते शेवटून. सुरुवातीची पानं जमिनीच्या इतिहासाची असतात, कोणी कोणाला कधी विकली, कोणते परवाने मिळाले वगैरे. ती महत्त्वाची आहेत, पण टायटल तपासणं वकिलाचं काम. गोषवाऱ्यात मी तेवढंच लिहून मोकळी होते. परिशिष्टं मात्र आधी. आकडे तिथे बसलेले असतात, आणि ते आकडे मधल्या मजकुराशी जुळतात का हे सहसा कोणी पाहत नाही.

इथेही जुळले नाहीत. कलमात लिहिलं होतं, कार्पेट क्षेत्र ५८.४० चौरस मीटर. शेवटच्या नकाशावर आतल्या भिंती धरून खोल्यांची मापं दिली होती. ती बेरजेला घेतली तर ५४.१० होत होती, आणि बाजूला बाल्कनी ४.३०. दोन्ही मिळवले की बरोबर ५८.४०. रेरा कायद्यात कार्पेट क्षेत्राची व्याख्या आहे: फ्लॅटच्या आतल्या भिंती त्यात धरतात, बाहेरच्या भिंती, स्वतंत्र बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत. भाऊ ६२८ चौरस फूट कार्पेट समजून भाव लावत होता, प्रत्यक्षात ते ५८२ होतं. सेहेचाळीस फूट म्हणजे छोटं स्वयंपाकघर. बिल्डरने फसवलं असं मी लिहिलं नाही, तसा माझ्याकडे पुरावाही नव्हता. "कलम आणि नकाशा जुळत नाहीत, बाल्कनी वेगळी दाखवून आकडा दुरुस्त करून मागा" एवढं लिहिलं.

सगळ्यात जास्त वेळ गेला ताब्याच्या तारखेत. आठ वर्षांपूर्वी एका ओळखीच्यांसाठी मी एका ओळीत लिहून दिलं होतं, "ताबा डिसेंबरमध्ये". कलमातली तारीख तीच होती, पण वाक्याच्या सुरुवातीला "सब्जेक्ट टू" होतं आणि ते मी गाळलं. लहान करायचं म्हणून गाळलं. त्यांनी डिसेंबर धरून भाड्याचं घर सोडलं. पुढचं दीड वर्ष ते मला भेटले की हसून बोलायचे, ते हसणं मला अजून आठवतं. तेव्हापासून तारीख दिसली की ती कुठे कुठे बांधलेली आहे, ते शोधल्याशिवाय लिहीत नाही.

भावाच्या दस्तात तारीख होती ३१ डिसेंबर २०२७. ती जिथे होती, त्याच कलमात दोन उपकलमं खाली सहा महिन्यांची सवलत होती, म्हणजे ३० जून २०२८. त्याखाली "फोर्स मेज्योर". त्याचा अर्थ तिथे दिलेला नव्हता, व्याख्यांमध्ये होता, साठ पानं मागे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या नियमांना जोडून आदर्श करारनाम्याचा नमुना आहे, तो मी शेजारी उघडून ठेवते. नमुन्यात मुदतवाढीची कारणं थोडी आहेत: युद्ध, दंगल, नैसर्गिक आपत्ती, सरकारचे किंवा न्यायालयाचे आदेश. इथे त्यांच्यापुढे मजुरांची टंचाई, साहित्याचे वाढलेले दर, आणि सगळ्यांत शेवटी "बिल्डरच्या मते त्याच्या नियंत्रणाबाहेरचं कोणतंही कारण" अशी शेपटी जोडलेली. 'बिल्डरच्या मते' या शब्दांनी ती मुदत उघडीच राहते.

आणि तरी खरी मेख व्याख्येतच होती. 'ताबा' म्हणजे काय? त्या दस्तात ताब्याची तारीख म्हणजे अंतर्गत कामासाठी, म्हणजे फिट-आउटसाठी, फ्लॅट देऊ करणारं पत्र पाठवल्याची तारीख. भोगवटा प्रमाणपत्राचा उल्लेख नव्हता. म्हणजे राहायला जाता येईल की नाही हा प्रश्न बाजूला, किल्ली देण्याचं पत्र आलं की बिल्डरच्या लेखी ताबा झाला, आणि विलंबाचं व्याज थांबलं. माझ्या गोषवाऱ्यात ती ओळ अशी पडली: "घर ३१ डिसेंबर २०२७ ला मिळेल, असं हा कागद म्हणत नाही. सहा महिने सवलत, त्यापुढची मुदतवाढ बिल्डर ठरवणार, आणि 'ताबा' म्हणजे फक्त फर्निचर करायची परवानगी. व्याख्या पान १४, तारीख पान ७३."

पान क्रमांक मी प्रत्येक ओळीला देते. माझ्या शब्दांवर कोणी सही करत नाही, मूळ शब्दांवर करतं; म्हणून माझी ओळ वाचणाऱ्याने मूळ पान उघडायला हवं. आणि मी तीनच खुणा वापरते: ठीक, विचारा, वकिलाला दाखवा. ताब्याची व्याख्या तिसऱ्या खुणेची होती.

व्याजाचं कलम दुसऱ्या खुणेचं. भावाचा हप्ता चुकला तर १८ टक्के, बिल्डर उशीर करेल तर "नियमांनुसार". महाराष्ट्रात तो नियम म्हणजे स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरवर दोन टक्के, आणि कायदा म्हणतो की दोन्ही बाजूंना दर सारखाच. कायदा बाजूने आहे म्हणून कलम सोडून द्यायचं नाही. ते दस्तात राहिलं की प्रत्येक उशिराच्या हप्त्याला १८ टक्क्यांचं बिल येणार, आणि वाद घालत बसायचं काम भावाचं.

बाकी कलमं मी एकेका ओळीत उरकली. देखभाल, सोसायटी, नोटीस कुठल्या पत्त्यावर पाठवायची, वाद झाला तर कुठलं न्यायालय. पार्किंगपाशी जरा थांबले, कारण दस्तात "वापराचा हक्क" होता आणि क्रमांक नव्हता. क्रमांक लिहून मागा, एवढी एकच ओळ.

गोषवारा घेऊन भाऊ आधी वकिलांकडे गेला, मग बिल्डरकडे. व्याख्या बदलली, व्याज सारखं झालं, बाल्कनी वेगळी दाखवली. सहा महिन्यांची सवलत मात्र बिल्डरने सोडली नाही, "सगळ्यांना हाच फॉर्मॅट" म्हणाला.

नोंदणीच्या दिवशी तो माझी दोन पानं आणि छापलेला दस्त घेऊन बसला आणि क्रमांक लावून पाहू लागला. पान १४ जागेवर होतं. पान ७३ उघडलं तर तारीख तिथे नव्हती, ७४ वर होती. त्याने फोन केला, "ताई, एक पान सरकलंय." मी म्हटलं, "अरे, सही थांबव, १४ आणि ७४ च्या मधलं नवीन काय आलंय ते शोध." देखभालीची चोवीस महिन्यांची आगाऊ रक्कम होती, पान ३८ वर.