डिसेंबरचा फोटो आणि मेमधला मोगरा

संपादकांनी ‘गॅलरीतल्या बागेवर सोपं काही लिहा’ म्हणून सांगितलं. सोपं लिहीन, पण सूर्याच्या कोनाशिवाय नाही.

विरार पश्चिमेच्या ग्लोबल सिटीतल्या एका कुटुंबाने मला दोन मांडण्यांचे फोटो पाठवले आणि ‘यातली कोणती ठेवू?’ असं विचारलं. गॅलरी दहा फूट लांब, चार फूट खोल, दक्षिणमुखी. कठडा गजांचा, फरशा फुटाच्या. पहिल्या मांडणीत कठड्याला कुंड्या, भिंतीला खुर्च्या. दुसरीत भिंतीला मोगऱ्याची रांग, खुर्च्या कठड्याशी. दुसरा फोटो घरात सगळ्यांना आवडलेला: जागा ऐसपैस, मोगऱ्याच्या बुंध्यापर्यंत ऊन.

असा फोटो आला की मी आधी फरशा मोजते. दुसरा फोटो मोबाईलच्या 0.5x ने काढलेला होता आणि त्या भिंगात चार फूटही सहा वाटतात. कुंडीने एकच फरशी अडवली होती, पण फांद्या दुसरीवरही आल्या होत्या. मोकळ्या राहिल्या दोन. खुर्चीत पाय ठेवून बसायला साधारण तीन फूट लागतात. झाड उजेडाकडे झुकतं, म्हणून कठड्याशी ठेवलं तर पसारा बराचसा बाहेर जातो, भिंतीशी ठेवलं तर तो बसणाऱ्याच्या गुडघ्यांवर येतो. कुंड्याही एकमेकींना चिकटलेल्या होत्या. पावसाळ्यात त्या पानांना वारा लागला नसता आणि बुरशी धरली असती. पण ते दुरुस्त करता येतं.

उन्हाचं तसं नाही, आणि लोक नेमकं हेच ऐकून घेत नाहीत. वसई-विरारला 21 डिसेंबरच्या दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे 47 अंशांवर असतो. वरचा स्लॅब नऊ फुटांवर असेल, तर ऊन आठ फूट आत येऊ शकतं, म्हणजे ही अख्खी गॅलरी उन्हात. 21 मार्चच्या सुमारास सूर्य 71 अंशांच्या आसपास चढतो आणि तेच ऊन जमिनीवर कठड्यापासून तीन फुटांवर थांबतं. भिंतीशी सावली. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तर भरदुपारी सूर्य किंचित उत्तरेला असतो आणि दक्षिणेच्या गॅलरीत थेट ऊन येतच नाही. मोगऱ्याचा बहर मात्र उन्हाळ्यातलाच, आणि त्याला रोज पाच-सहा तास ऊन हवं. फोटो डिसेंबरचा होता. मोगरा आज पाहिजे तेवढ्या उन्हात दिसत होता, बहराच्या वेळी तो अंधारात जाणार होता.

‘पण फोटोत ऊन दिसतंय ना!’ हे वाक्य ऐकून मी खरंच थकले आहे. दोन मांडण्यांची तुलना करायची तर दोन्ही फोटो एकाच जागेवरून, 1x ने, एकाच दिवशी, एकाच तासाला काढा, आणि तारीख कळवा. मार्चमध्ये पुन्हा काढता आले तर फारच चांगलं.

मी पहिली मांडणी सुचवली: कठड्याशी तुळस, भिंतीशी खुर्च्यांच्या बाजूला नेचे आणि मनीप्लँट. मोगरा पश्चिमेच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये हलवायला सांगितलं. तिथे समोर इमारत नाही, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर त्याला ऊन मिळेल.